चॅटचे ड्राफ्ट आपल्याच बोलीत कसे आणायचे

प्रश्न: एआय मॉडेलच्या एपीआयवरून रिप्लायचे ड्राफ्ट येतात पण माझ्यासारखे वाटतच नाहीत, काय करू?

टोनचं वर्णन लिहिणं सोडा आणि तुम्ही स्वतः पाठवलेले ५-६ जुने रिप्लाय उदाहरण म्हणून द्या, समोरच्याचा मेसेज `user` रोलमध्ये, तुमचं उत्तर `assistant` रोलमध्ये अशा जोड्या, शेवटी आत्ता आलेला मेसेज `user` मध्ये. वाशीतल्या एका टाइल्सच्या दुकानासाठी मी हे लावलंय, "फ्रेंडली लिही" म्हटलं की "आपल्या चौकशीबद्दल धन्यवाद!" यायचं, जोड्या दिल्यावर मालकांसारखं "हो दादा आहे, संध्याकाळी या" यायला लागलं, कारण मॉडेल विशेषणापेक्षा समोर दिसणारा नमुना जास्त उचलतं, अगदी लांबी आणि स्पेलिंगसकट. फक्त उदाहरणांतले भाव नि तारखा आधी काढा, नाहीतर तेच जुने आकडे नव्या ड्राफ्टमध्ये उतरतात, म्हणून सेंड माणसानेच दाबायचं.