बँकेच्या कर्जासाठी संचालक मंडळाचा ठराव: मर्यादा, तारण, सह्या आणि अंतिम अटी

प्रश्न: मकरपुरा जीआयडीसीत आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. बँकेने आमचा बोर्डाचा ठराव दुसऱ्यांदा परत पाठवला. मंजुरीपत्रात आकडे जरा बदलले की दरवेळी नवी मीटिंग घ्यायची का? ठराव नेमका कसा लिहावा?

उत्तर: दरवेळी मीटिंग नको. पण ते टाळायचे असेल तर मंडळाने स्वतः काय ठरवले आणि काय अधिकाऱ्यावर सोपवले, ही रेषा ठरावात स्पष्ट दिसायला हवी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७९(३) प्रमाणे कर्ज घेण्याचा निर्णय मंडळाच्या सभेतच व्हावा लागतो. कागद फिरवून सह्या घेतलेला ठराव इथे चालत नाही. त्याच कलमानुसार हा अधिकार मंडळ सभेत ठराव करून व्यवस्थापकीय संचालक, संचालकांची समिती, मॅनेजर किंवा प्रमुख अधिकाऱ्याला अटी घालून देऊ शकते.

उदाहरण घेऊ. तुम्ही अर्ज केला: कॅश क्रेडिट १ कोटी ५० लाख, मशिनरीसाठी मुदत कर्ज ९० लाख, लेटर ऑफ क्रेडिट २५ लाख. एकूण २ कोटी ६५ लाख. बँकेने मुदत कर्ज ७५ लाखांवर आणले आणि एलसी ४० लाखांवर नेली. एकूण तेवढेच, पण ठरावात प्रत्येक आकडा स्वतंत्र कमाल मर्यादा म्हणून लिहिला असेल तर ४० लाखांच्या एलसीला अधिकारच नाही. म्हणून असे लिहा: ‘एका वेळी परतफेड बाकी असलेले मुद्दल व एलसीचे दायित्व मिळून एकूण २ कोटी ६५ लाखांपेक्षा जास्त नसावे, या मर्यादेत सुविधांची अंतर्गत विभागणी बदलता येईल, मात्र मुदत कर्ज ९० लाखांपेक्षा जास्त असणार नाही.’ व्याज आणि खर्च यात धरले आहेत की नाहीत तेही लिहा. ही मर्यादा या एका बँकेपुरती की सर्व कर्जांची, हा खुलासा तर हमखास राहून जातो.

तारणाच्या परिच्छेदात ‘कंपनीची मालमत्ता’ एवढेच लिहिलेले बँकेचा वकील स्वीकारत नाही, आणि ते बरोबरच आहे. कच्चा व तयार माल आणि येणे बाकी, सध्याची व पुढे होणारी, यांचे नजरगहाण. नव्या मशिनरीचे नजरगहाण. आणि भूखंड क्रमांक, क्षेत्रफळ व लीजचा तपशील देऊन भूखंडाचे गहाण, असे वेगवेगळे लिहा. मकरपुऱ्याचा भूखंड जीआयडीसीच्या लीजवर असेल तर गहाणाआधी जीआयडीसीची परवानगी काढावी लागते. ती मागण्याचा अधिकारही ठरावातच द्या. भूखंड एखाद्या संचालकाच्या वैयक्तिक नावावर असेल, तर कंपनीचा ठराव तो तारण देऊच शकत नाही. तिथे मालकाने स्वतः गहाण द्यायचे असते.

आता सह्या. नाव आणि हुद्दा दोन्ही लिहा, आणि प्रत्येकाने एकट्याने करायची की दोघांनी मिळून, हे सांगा. कर्जाचे करारपत्र, मूळ दस्त जमा करणे आणि कंपनी निबंधकाकडे तारणाची नोंद करण्याचा CHG-1 फॉर्म ही कामे संचालकांकडे. महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट अकाउंट्स मॅनेजरकडे. हे एकाच वाक्यात ओवले, तर अटी बदलायला मान्यता देण्याचा अधिकारही नकळत अकाउंट्स मॅनेजरला मिळतो.

खरा घोळ अंतिम अटींच्या परिच्छेदात होतो. ‘योग्य वाटतील त्या अटी मान्य कराव्यात’ असे मोकळे लिहू नका. माझ्या मते हा मसुदा पुरतो:

‘वरील मर्यादा व तारण यांच्या आत, व्याजदर वार्षिक साडेदहा टक्क्यांपर्यंत, मुदत कर्जाची परतफेड ८४ महिन्यांपर्यंत आणि प्रक्रिया शुल्क एक टक्क्यापर्यंत असल्यास, बँकेशी अंतिम अटी ठरवण्याचा, त्यांत बदल स्वीकारण्याचा व कागदपत्रे करून देण्याचा अधिकार व्यवस्थापकीय संचालकांना देण्यात येत आहे. मर्यादा वाढणे, नवे तारण, किंवा कर्जाचे समभागांत रूपांतर करण्याची अट आल्यास विषय मंडळापुढे परत आणावा. स्वीकारलेल्या अटी पुढील सभेत नोंदीसाठी ठेवाव्यात.’

आकडे तुमच्या मंजुरीपत्राप्रमाणे बदला, थोडी मोकळीक ठेवून. दर रेपोशी जोडलेला असेल तर ही कमाल मर्यादा मंजुरीच्या दिवसाच्या दराला आहे, पुढच्या आपोआप होणाऱ्या बदलांना नाही, हे जोडा. नाहीतर दर वाढला की ठरावाबाहेर गेल्याचा वाद निघतो.

सभेची नोटीस किमान ७ दिवसांची, आणि सभेची तारीख करारपत्रावरील सहीच्या आधीची हवी. बँकेला द्यायच्या प्रमाणित प्रतीतले शब्द मिनिट्समधल्या शब्दांशी तंतोतंत जुळवून पाहा. गहाण किंवा नजरगहाण झाल्यापासून ३० दिवसांत CHG-1 भरा. मोठ्या कर्जासाठी कलम १८० खाली लागणाऱ्या भागधारकांच्या विशेष ठरावातून प्रायव्हेट कंपन्यांना सूट आहे, पण वार्षिक हिशेब आणि रिटर्न निबंधकाकडे भरण्यात कसूर झालेली नसेल तरच. थकलेले असतील तर आधी ते भरा, मग सभा बोलवा.