‘पाहिजे’ बिचारा निर्दोष आहे

‘हिशेबनीस पाहिजे. उमेदवार मेहनती असावा, दबावाखाली काम करणारा असावा, वेळेचे बंधन नसावे. आकर्षक पगार.’ ही जाहिरात हुकूम सोडल्यासारखी वाटते, असं सहकारी म्हणतात. ‘पाहिजे’ऐवजी ‘हवा आहे’ केलं तर भागेल का?

भागणार नाही. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप आहे, ‘पाहिला जातो’, म्हणजे ‘शोधला जातो’ एवढाच त्याचा मूळ अर्थ. त्याला खुशाल राहू द्या.

हुकमाचा सूर येतो तो ‘असावा’, ‘नसावे’मधून. हा विध्यर्थ. ‘तो घरी असावा’मध्ये तो नुसता अंदाज असतो, पण जाहिरातीत अटीवर अट रचली की फर्मान होतं. शिवाय ‘असावा’, ‘करणारा’ म्हटलं की उमेदवार पुरुषच धरला जातो. दोन्हींवर उपाय एकच: कर्ता ‘तुम्ही’ करा आणि क्रियापद भविष्यकाळी. ‘तुम्ही नोंदवाल’मध्ये लिंग दिसत नाही, आणि गुणांऐवजी काम सांगावं लागतं. ‘आपण’ मात्र टाळा. ‘आपलं काम’, ‘आपलं कार्यालय’ यांत तुम्ही, आम्ही की दोघं, हे कळत नाही.

आता मोघम शब्द. ‘मेहनती’ काढून टाका, स्वतःला आळशी समजून कोणी अर्ज करत नाही. ‘दबाव’ आणि ‘वेळेचे बंधन नसावे’ यांमागे मात्र काहीतरी खरं दडलेलं असतं, ते शोधा. काम नेमकं कधी लांबतं? समजा, उत्तर ‘महिनाअखेरीला’ असं आलं, तर मजकूर असा होईल:

‘हिशेबनीस पाहिजे. तुम्ही रोजची खरेदी-विक्रीची बिलं नोंदवाल आणि आठवड्यातून एकदा बँकेच्या उताऱ्याशी हिशेब ताडून पाहाल. अशा कामाचा 1 वर्षाचा अनुभव आवश्यक. कर-विवरणपत्र भरता येत असल्यास उत्तम, नसल्यास आम्ही शिकवू. कामाची वेळ 10 ते 6. महिनाअखेरचे 3 दिवस रात्रीचे 8 वाजतात. त्याबदल्यात पुढच्या आठवड्यात 1 दिवस सुट्टी.’

यात ‘आवश्यक’ एकदाच आलाय. ज्याच्यावाचून पहिल्याच दिवशी काम अडेल, त्यालाच तो लावा. बाकीच्याला ‘असल्यास उत्तम’. ‘प्राधान्य’ या शब्दाने इथे घोळ होतो, कारण वाचणारा त्याला अटच समजतो आणि अर्ज करत नाही.

‘आकर्षक पगार’च्या जागी किमान आणि कमाल आकडा द्या, आणि वरचा आकडा किती वर्षांच्या अनुभवाला, तेही लिहा. नाहीतर प्रत्येक जण वरचाच आकडा धरून येतो आणि मुलाखतीत दोघांचाही विरस होतो.

गोडवा वाढवायला ‘आमच्या कुटुंबात सामील व्हा’ वगैरे लिहू नका. आणि शिकवायला खरंच कोणी मोकळं नसेल, तर ‘नसल्यास आम्ही शिकवू’ हे तीन शब्दही खोडा.