आजोबांना फोटोत बसवून देताना कोटेशनमध्ये काय लिहायचं

‘दिवंगत आजोबा ग्रुप फोटोत हवेत’ ही मागणी पुण्यातल्या लग्नांत हमखास येते. दर लिहिण्याआधी मूळ फोटो मागव. व्हॉट्सअ‍ॅपवरचा नको, मूळ प्रिंट ६०० डीपीआयवर स्कॅन केलेली हवी. बारा बाय अठराच्या प्रिंटमध्ये चेहरा एक इंच उंच येणार असेल, तर ३०० डीपीआयला तो ३०० पिक्सेल लागतो. स्कॅनमध्ये १५०च निघाले, तर ‘फक्त सहा बाय नऊपर्यंत’ असं आधीच लिही.

खरी फसगत उजेडात होते. जुन्या फोटोत समोरून फ्लॅश आणि मांडवात उजेड डावीकडून, मग आजोबा चिकटवलेले दिसतात. म्हणून ‘उजेडाची दिशा पूर्ण बदलता येणार नाही’ ही ओळ हवीच. लग्नात ट्रायपॉड न हलवता, आजोबांच्या उंचीच्या काकांना त्या जागी उभं करून एक फ्रेम घे; सावली तिथून मिळते.

दर, समजा, फोटोमागे ३,५०० रुपये. दोन दुरुस्त्या त्यातच. तिसरीपासून प्रत्येकी ५००. दुरुस्ती म्हणजे रंग, आकार, जागा. मूळ फोटोच बदलला तर ते नवं काम. हे नाही लिहिलंस, तर आत्याबाई पाचव्यांदा टोपी बदलायला सांगतील!