अंतर वाढण्याचा वेग ७२ नव्हे, ६८ का?

प्रश्न: एक गाडी चौकातून सरळ उत्तरेला ताशी ४० किमी वेगाने निघाली. एका तासाने त्याच चौकातून दुसरी गाडी पूर्वेला ताशी ६० किमी वेगाने निघाली. दुसरी निघाल्यावर एका तासाने दोघींमधले अंतर किती वेगाने वाढत असेल? मी √(४०² + ६०²) करून ७२.१ काढले, पण उत्तर ६८ दिले आहे. माझे कुठे चुकले?

उत्तर: तुमच्या आकडेमोडीत चूक नाही. तुम्ही वापरलेले सूत्र मात्र दोन्ही गाड्या एकाच क्षणी चौकातून निघाल्या असतील तेव्हाचे आहे, आणि इथे पहिली गाडी तासभर आधी निघालेली आहे. तो एक तास उत्तर कसा बदलतो, हे समजले की हे गणित खरोखर हाती आले असे मी मानतो.

पूर्वेकडील गाडीचे चौकापासूनचे अंतर x, उत्तरेकडील गाडीचे y आणि दोन गाड्यांमधील सरळ अंतर z मानू. रस्ते काटकोनात असल्यामुळे प्रत्येक क्षणी z² = x² + y² असते. या समीकरणाचे वेळेच्या सापेक्ष अवकलन केले आणि दोन्ही बाजूंना २ ने भागले की असे मिळते:

z · dz/dt = x · dx/dt + y · dy/dt

आकडे घालायचे ते इथे, त्याआधी नाही. मी बारावीला शिकवतो आणि दरवर्षी काही विद्यार्थी अवकलनापूर्वीच z = १०० लिहून मोकळे होतात; मग z स्थिर संख्या ठरते आणि तिचा बदलाचा दर शून्य येतो. विचारलेल्या क्षणी दुसरी गाडी एक तास चालली आहे, म्हणून x = ६०; पहिली दोन तास चालली आहे, म्हणून y = ८०; आणि त्यावरून z = १००. म्हणजे

dz/dt = (६० × ६० + ८० × ४०) ÷ १०० = ६८ किमी प्रति तास.

याचा पडताळा अवकलनाशिवायही घेता येतो. आणखी ३६ सेकंदांनी, म्हणजे ०.०१ तासाने, x = ६०.६ आणि y = ८०.४ होईल, आणि z सुमारे १००.६८० येईल. ०.०१ तासात अंतर ०.६८० किमीने वाढले, म्हणजे दर तासाला ६८ किमीच्या अगदी जवळ. ७२.१ हे उत्तर बरोबर असते तर ही वाढ ०.७२१ किमी आली असती.

आता तुमच्या ७२.१ कडे वळू. ही संख्या निरर्थक नाही: एका गाडीतून पाहिले असता दुसऱ्या गाडीचा जो सापेक्ष वेग दिसेल, त्याचे ते परिमाण आहे. परंतु सापेक्ष वेगाचा जेवढा भाग दोन गाड्यांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने असतो, तेवढाच अंतर वाढवतो. उरलेला भाग ती रेषा नुसती फिरवतो. विचारलेल्या क्षणी पूर्वेकडील गाडीच्या ६० पैकी त्या रेषेवरचा घटक ६० × (६०/१००) = ३६ आहे आणि उत्तरेकडील गाडीच्या ४० पैकी ४० × (८०/१००) = ३२ आहे, आणि ३६ + ३२ = ६८. रेषेला लंब दिशेने पाहिले तर पूर्वेकडील गाडीच्या वेगाचा घटक ४८ आणि उत्तरेकडील गाडीच्या वेगाचा २४ येतो. हे दोन्ही रेषेला परस्परविरुद्ध दिशांनी वळवू पाहतात, त्यामुळे त्यांची वजाबाकी होऊन २४ उरतात. ६८² + २४² = ४६२४ + ५७६ = ५२००, आणि ४०² + ६०² सुद्धा ५२००च. तुमच्या ७२.१ मधून जे गळून पडले, ते या २४ मध्ये आहे.

दोन्ही गाड्या एकदम निघाल्या असत्या तर x आणि y यांचे गुणोत्तर नेहमी ६० : ४० राहिले असते, त्यांना जोडणारी रेषा न फिरता स्वतःला समांतर सरकत राहिली असती, लंब घटक शून्य झाला असता आणि तुमचे सूत्र कोणत्याही क्षणी अचूक ठरले असते. इथे मात्र दर स्वतःच बदलतो आहे. दुसरी गाडी निघते त्या क्षणी जोडरेषा पूर्णपणे उत्तर-दक्षिण असते, म्हणून अंतर फक्त पहिल्या गाडीमुळे, ताशी ४० किमीने वाढत असते. तासाभराने तो दर ६८ होतो, दोन तासांनी सुमारे ७०.७, आणि जसजसा वेळ जातो तसतसा तो ७२.१ च्या अधिकाधिक जवळ जातो, पण तिथे कधीच पोहोचत नाही, कारण पहिल्या गाडीची ४० किमीची आघाडी प्रवासाच्या मानाने लहान होत गेली तरी शून्य होत नाही.