वेळ संपल्यावर पैसे गेले: कॉइन घ्यावेत की रक्कम परत मागावी?

प्रश्न: क्रिप्टो एक्स्चेंजच्या पीटूपीवर, म्हणजे थेट दुसऱ्या वापरकर्त्याकडून, ९२ रुपये दराने ५०० यूएसडीटी कॉइनची ऑर्डर टाकली होती. पंधरा मिनिटांत पैसे द्यायचे होते. बँकेत सेलरचं खातं जोडण्यात वेळ गेला आणि ४६,००० रुपये आयएमपीएसने गेले तेव्हा ऑर्डर आपोआप रद्द झाली होती. सेलर म्हणतो, पैसे मिळालेत, नवी ऑर्डर टाका, पण आता दर ९४. कॉइन घेऊ की पैसे परत मागू?

उत्तर: नमस्कार. सेलरने पैसे मिळाल्याचं कबूल केलंय, ही तुमच्या हातातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. ती फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर झाली असेल, तर दुसरं काहीही करण्याआधी रद्द झालेल्या ऑर्डरच्याच चॅटमध्ये ती लेखी घ्या. साधं लिहा: "आपल्या खात्यात ४६,००० रुपये, यूटीआर क्रमांक अमुक, आज ८.३१ वाजता जमा झाले आहेत का?" त्याचं "हो" तिथे उमटलं की त्याचा स्क्रीनशॉट काढा. बँकेच्या अ‍ॅपमधून त्या दिवसाचं स्टेटमेंटही पीडीएफमध्ये उतरवून घ्या. नुसता "पेमेंट सक्सेसफुल"चा स्क्रीनशॉट कुणीही बनवू शकतो, म्हणून तक्रार पाहणारे स्टेटमेंट मागतात. यूटीआर हा बारा आकडी क्रमांक तुमच्या आणि त्याच्या, दोघांच्याही बँकेत सापडतो.

आता तुम्ही नेमके कुठे उभे आहात ते पाहू. ऑर्डर चालू असताना सेलरचे ५०० यूएसडीटी एस्क्रोत, म्हणजे एक्स्चेंजच्या ताब्यात, अडकलेले असतात. ते त्याला काढता येत नाहीत आणि तुम्ही पैसे दिल्याचं बटण दाबलंत की ऑर्डर आपोआप रद्दही होत नाही. बटण न दाबता वेळ संपली की कुलूप उघडतं आणि कॉइन सेलरच्या वॉलेटमध्ये परत जातात. तुमचे पैसे त्यानंतर गेले. म्हणजे आज तुमच्या ४६,००० रुपयांच्या समोर काहीही अडकवलेलं नाही. एक्स्चेंज सेलरला विचारू शकतं, त्याचं खातं रोखू शकतं, पण त्याने ते कॉइन विकून टाकले असतील तर तुमच्या पदरात टाकायला एक्स्चेंजकडे काही उरत नाही.

तरी पैसे गेल्याची नेमकी वेळ तपासा. ऑर्डर ८.२५ ला रद्द झाली आणि बँकेच्या नोंदीत पैसे ८.२३ ला गेलेले दिसले, तर तुमची बाजू बरीच भक्कम होते, कारण मग चूक फक्त बटण दाबायची राहिली. तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं दिसत नाही, पण अ‍ॅपमधली वेळ आणि स्टेटमेंटमधली वेळ यांत कधीकधी फरक निघतो.

तुम्हाला यूएसडीटी खरंच हवे असतील, तर माझं मत नव्या ऑर्डरच्या बाजूने आहे, ९४ चा दर धरूनही. ४६,००० भागिले ९४ म्हणजे ४८९.३६ यूएसडीटी, जवळजवळ साडेदहा कमी. रुपयांत तोटा हजाराचा. पहिला सौदा वेळ संपताच मोडला, त्यामुळे जुन्या दरावर तुमचा हक्क राहिलेला नाही. एकदा विनंती करून बघा, पण त्यावरून भांडू नका. नवी ऑर्डर उघडली की त्याचे कॉइन पुन्हा एस्क्रोत अडकतात आणि आत्ता नसलेलं तारण तुम्हाला मिळतं, ही हजार रुपयांहून मोठी गोष्ट आहे. परताव्यात हे नाही. तो पैसे पाठवेपर्यंत तुम्ही नुसते वाट पाहत बसता.

पण या वाटेत एक खड्डा आहे. नव्या ऑर्डरवर तुम्ही "पैसे दिले" म्हणणार आणि पैसे तर ऑर्डर उघडण्याच्या आधीचे. सेलरने उद्या हात वर केले, तर तक्रार पाहणाऱ्याला दिसेल की या ऑर्डरसाठी पेमेंट झालंच नाही, आणि न देता बटण दाबल्याचा ठपका तुमच्यावर येईल. म्हणून आधी रद्द ऑर्डरवर `Appeal` टाकून सपोर्टला सगळं सांगा आणि जुनं पेमेंट नव्या ऑर्डरला लावायला त्यांची हरकत आहे का, हे लेखी विचारा. तक्रारीला मुदत असते, त्यामुळे आजच टाका. त्यांनी नको म्हटलं तर हा मार्ग सोडा. चालेल म्हटलं तर नवी ऑर्डर बरोबर ४६,००० रुपयांची हवी. ती उघडताच सेलरने तिच्या चॅटमध्ये लिहावं, "यूटीआर अमुकचे पैसे या ऑर्डरपोटी मिळाले, कॉइन सोडतो." ते आल्यावरच बटण दाबा. आणि तो काहीही म्हणाला तरी ऑर्डर स्वतः रद्द करू नका.

"पुन्हा पैसे पाठवा, पहिले परत करतो" असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नकार द्या. कॉइन थेट वॉलेटवर पाठवतो, टेलिग्रामवर या, यालाही नकारच. तिथे एस्क्रो नाही आणि एक्स्चेंजकडे नोंदही नाही. सपोर्टच्या नावाने मेसेज करून "अनलॉक फी" मागणारे तिथेच भेटतात.

सपोर्टने परवानगी दिली नाही, किंवा कॉइनची तुम्हाला आता घाई नाही, तर परतावा मागा. त्यात एका गोष्टीवर अडून बसा: ज्या खात्यात पैसे गेले त्याच खात्यातून, केवायसीतल्या त्याच नावाने, तुमच्या त्याच खात्यात ते परत यायला हवेत. "भावाच्या खात्यातून टाकतो" चालणार नाही. पीटूपीत फसवणुकीचे पैसे अनेक खात्यांतून फिरतात. तसा पैसा तुमच्याकडे आला की दुसऱ्याच राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून तुमच्या खात्यावर लीन, म्हणजे रक्कम काढण्यावर रोख, लागू शकतो, आणि तो उठवायला ४६,००० पेक्षा जास्त मनस्ताप होतो.

बँकेकडेही अर्ज देऊन ठेवा, मात्र अपेक्षा मर्यादित ठेवा. पैसे तुम्ही स्वतः, बरोबर खात्यात पाठवलेत. तुमची बँक समोरच्या बँकेला कळवेल, ती सेलरची संमती विचारेल. त्याच्या संमतीशिवाय त्याच्या खात्यातून रक्कम काढता येत नाही. अर्जात खरं तेच लिहा, "माझ्या नकळत पैसे गेले" असं नाही.

१९३० ला फोन किंवा cybercrime.gov.in वर तक्रार कधी करायची, हे सेलरच्या वागण्यावर ठरेल. तो उत्तर देतोय तोवर नको. त्याचं खातं गोठलं तर त्याला परत करायची इच्छा असूनही करता येणार नाही. तो पैसे मिळाल्याचं नाकारू लागला, ब्लॉक केलं किंवा "उद्या, परवा" करत राहिला, तर मग थांबू नका, कारण पैसे त्याच्या खात्यातून पुढे सरकत जातात.

कायद्याने ही रक्कम त्याची होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकून मिळालेले पैसे परत करावेच लागतात. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण ४६,००० साठी कोर्टाच्या पायऱ्या चढणं परवडत नाही. वकिलाची एक नोटीस मात्र परवडते, आणि त्यासाठी त्याचं नाव, खातं आणि चॅटमधलं ते "हो" पुरेसं आहे.