फुल अँड फायनलमध्ये तेच आठ दिवस दोनदा कापले तर?

प्रश्न : पुण्यातल्या खासगी कंपनीत अकाउंट्सला होतो. ५ फेब्रुवारी २०१९ ला रुजू झालो, १ ऑगस्टला राजीनामा दिला आणि ६० दिवसांची नोटीस पुरी करून ३० सप्टेंबर २०२५ ला सुटलो. शेवटचा बेसिक व डीए मिळून २८,००० आणि ग्रॉस ४२,०००. ऑगस्टअखेर पोर्टलवर २२ रजा शिल्लक होत्या, सप्टेंबरमध्ये मंजूर करून घेऊन ८ घेतल्या. हिशोब असा आलाय : ग्रॅच्युइटी ८४,०००, १४ रजांचे १३,०६७, वजा नोटीस शॉर्टफॉल ८ दिवसांचे ११,२००, वजा लॅपटॉप दुरुस्ती ६,५००. सही करू का?

उत्तर : एवढ्यात नको. आधी क्लिअरन्स फॉर्म, राजीनामा मंजूर केल्याचा मेल, नेमणूकपत्र आणि रजेच्या नोंदीचा प्रिंट हे चार कागद हिशोबाच्या शेजारी ठेवा.

सर्वात मोठी तफावत ग्रॅच्युइटीत आहे. तुमची नोकरी ६ वर्षे ७ महिने आणि वर काही दिवसांची आहे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात शेवटचा तुकडा सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल तर तो पूर्ण वर्ष धरतात, म्हणून वर्षे सात. कंपनीने सहा धरली, शिवाय रोजचा पगार काढताना ३० ने भागले. कायद्यात भागाकार २६ ने आहे. ८४,००० चा आकडा २८,००० ÷ ३० × १५ × ६ असाच येतो, पडताळून पाहा. बरोबर हिशोब असा :

२८,००० × १५ ÷ २६ × ७ = १,१३,०७७

म्हणजे २९,०७७ रुपये कमी. ही चूक बहुधा पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये रजेचा आणि ग्रॅच्युइटीचा भाजक एकच ठेवल्याने होते, त्यामुळे तुमच्याबरोबर सुटलेल्यांनाही कमीच मिळाले असण्याची शक्यता आहे. नवी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तुमचा हक्क ३० सप्टेंबरलाच उभा राहिला, त्यामुळे तुम्हाला जुनाच कायदा.

रजांचा १४ हा आकडा बरोबर आहे, त्यावर भांडू नका. २२ मधून ८ गेल्या. गडबड पुढच्या ओळीत आहे : ज्या आठ दिवसांसाठी तुमच्या रजा खर्ची पडल्या, तेच दिवस ‘नोटीस कमी पडली’ म्हणून पुन्हा वसूल केले. नोटीसच्या काळात रजा चालणार नाही असे नेमणूकपत्रात असेल, तर कंपनीने त्या मंजूर करायलाच नको होत्या. तरीही शॉर्टफॉल लावायचाच असेल तर आठ रजा शिलकीत परत यायला हव्यात. दोन्ही एकदम घेता येत नाही. आणखी एक बारकावा : रजेचे पैसे देताना २८,००० ÷ ३० आणि वसुली करताना ४२,००० ÷ ३०! देणे बेसिकवर, घेणे ग्रॉसवर. नेमणूकपत्रातल्या नोटीसच्या कलमात ‘बेसिक’ लिहिलेय की ‘ग्रॉस’, आणि रजेच्या पॉलिसीत रोखीकरणाचा दर काय, ते वाचा. दोन्हीकडे वेगळा दर लेखी नसेल तर हा मुद्दाही पत्रात घाला.

लॅपटॉपसाठी क्लिअरन्स फॉर्मवरची आयटी विभागाची ओळ बघा. शेरा न लिहिता ‘परत मिळाला’ अशी सही आणि तारीख असेल, तर नंतर निघालेली दुरुस्ती तुमच्या माथी मारणे अवघड. दुरुस्तीचे बिल व तपासणी अहवाल मागा. ‘स्क्रीनवर ओरखडा’ असा शेरा तुमच्यासमोर लिहिलेला असेल, तर बाजू कमकुवत आहे. मग रक्कम वाजवी आहे का, एवढाच वाद उरतो. मात्र ही वसुली ग्रॅच्युइटीतून वळती करता येत नाही. ग्रॅच्युइटी रोखण्याची मुभा नुकसान किंवा गैरवर्तनासाठी नोकरीवरून काढले असेल तरच मिळते. तुम्ही राजीनामा दिला आहे.

आता कृती. एचआरला मेल लिहा, चार आकडे चार ओळींत मांडा, कागद जोडा. ‘मला काही येणे नाही’ या मजकुराखाली सही करू नका. पैसे अडवले तर ‘रक्कम मिळाली, हिशोब मान्य नाही, हक्क राखून’ असे हाताने लिहून सही करा आणि प्रत घ्या. ग्रॅच्युइटीसाठी नमुना ‘आय’ भरून स्पीड पोस्टाने पाठवा. देय झाल्यापासून ३० दिवसांत ती द्यावी लागते, त्यापुढे साधे व्याज लागते. कमी रक्कम किंवा नकार आला तर नमुना ‘एन’ घेऊन ग्रॅच्युइटीच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे जा. त्या अर्जाला ९० दिवसांची मुदत आहे. उशीर झालाच तर सबळ कारण लिहा. शॉर्टफॉल आणि लॅपटॉपचे १७,७०० तिथे मागू नका, तो अर्ज फक्त ग्रॅच्युइटीचा. त्यासाठी कामगार आयुक्तालयात वेगळी तक्रार करा.