गुडघेदुखीची गोळी विचारल्याशिवाय यादी पूर्ण करू नकोस

अगं, वॉर्डात नवीन आहेस म्हणून एकच सांगते. म्हाताऱ्या पेशंटला "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" असं विचारलंस तर फक्त बीपी-शुगरच्याच सांगतात. नातेवाइकांना घरातली गोळ्यांची सगळी पिशवीच आणायला सांग.

मागच्या एप्रिलमध्ये, सोलापूरच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, बहात्तर वर्षांच्या एक आजी आल्या. दोन दिवस जुलाब, लघवी अगदी कमी, गुंगी. बीपीची गोळी एकच, पण पाकीट उलटून वाचलं तर आत दोन औषधं: टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. पिशवीच्या तळाशी ॲसिक्लोफेनॅक निघालं. मेडिकलमधून आणलेलं, दिवसाला दोन. "ती दुखण्याची आहे, औषध थोडंच!" असं आजींचं म्हणणं.

हे त्रिकूट किडनीला जड जातं. वेदनाशामकाने किडनीच्या गाळणीत येणारा रक्तप्रवाह आटतो, टेल्मिसार्टनने गाळणीतला दाब उतरतो, आणि तिसऱ्या औषधाने अंगातलं पाणी कमी होतं. त्यात जुलाब. क्रिएटिनिन 0.9 चं 2.4 झालं होतं.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन कर, तिन्ही नावं एका दमात सांग, लघवीचं माप आणि बीपी हाताशी ठेव, पोटॅशियम तपासायचं का ते विचार. आजी मेटफॉर्मिनही घेत होत्या; किडनी मंदावली की तेही अंगात साचतं, म्हणून तेही सांगितलं. आणि केसपेपरवर वेळ टाकून लिही.

घरी जाताना आजींच्या सुनेला ते ॲसिक्लोफेनॅकचं पाकीट दाखवूनच समजावलं. नाव तिच्या लक्षात राहिलं नसतं, रंग राहिला.